हिस्टेरिसिस लूप, ट्रान्सफॉर्मरचा कोर आणि परमनंट मॅग्नेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षेत एक ठरलेलं उत्तर असतं. ट्रान्सफॉर्मरच्या कोरला रिटेन्टिव्हिटी कमी आणि कोअर्सिव्हिटी कमी, परमनंट मॅग्नेटला दोन्ही जास्त. मार्क मिळतात, पण हे उत्तर अर्धंच बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळे पुढे कित्येकांचा गोंधळ होतो, माझाही झाला होता. खालचे सगळे प्रश्न फिरून फिरून त्याच गोंधळावर येतात.

लूप दाखवतो तरी काय?

आडव्या अक्षावर H, म्हणजे कॉइलमधून करंट सोडून आपण लोखंडावर लावलेला जोर, आणि उभ्या अक्षावर B, म्हणजे त्या जोराला लोखंडाने दिलेला प्रतिसाद. करंट वाढवत नेला की B वर चढतो आणि एका ठिकाणी थकतो, ते सॅच्युरेशन. आता करंट हळूहळू शून्यावर आणा, B त्याच वाटेने खाली येत नाही, मागे रेंगाळतो. करंट शून्य झाला तरी जेवढा B उरतो ती रिटेन्टिव्हिटी, Br. तो B शून्यावर आणायला उलट्या दिशेने जेवढा H लावावा लागतो ती कोअर्सिव्हिटी, Hc. असंच उलटं जाऊन परत आलं की बंद आकृती तयार होते, तोच लूप.

रेंगाळतो का? तर लोखंडात आधीपासूनच छोटे छोटे भाग असतात ज्यांत सगळे अणू एका दिशेने चुंबकित असतात, त्यांना डोमेन म्हणतात, आणि दोन डोमेनमधली भिंत सरकते तेव्हा एक डोमेन वाढतं आणि शेजारचं आकसतं. वाटेत कार्बनचे कण, दाण्यांच्या सीमा, ठोकल्याने आलेला ताण असं काहीबाही असतं, भिंत तिथे अडकते आणि जोर वाढला की झटक्याने सुटते. झटक्यात गेलेली एनर्जी उष्णता होते, ती परत मिळत नाही. भिंतीला अडकायला जितक्या जास्त आणि घट्ट जागा तितकी Hc जास्त, हे एक वाक्य डोक्यात असलं की पुढचं सगळं सोपं जातं. हिस्टेरिसिस हे नाव जेम्स इविंगने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला दिलं, ग्रीकमधला मागे पडण्याचा शब्द घेऊन.

रिटेन्टिव्हिटी जास्त म्हणजे मॅग्नेट चांगला, बरोबर ना?

नाही. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

मऊ लोखंडाची, म्हणजे सॉफ्ट आयर्नची, रिटेन्टिव्हिटी कडक स्टीलपेक्षा जास्त असू शकते, अनेक पुस्तकांतल्या आलेखांत तशी दाखवलेलीही असते. मग मॅग्नेट सॉफ्ट आयर्नचा का नाही करत? कारण Br हा आकडा बंद रिंगवर मोजलेला असतो, जिथे फ्लक्सला बाहेर पडायची गरजच नसते. तुम्ही मात्र दोन टोकं असलेली पट्टी वापरणार. पट्टीच्या एका टोकाला उत्तर ध्रुव आणि दुसऱ्याला दक्षिण ध्रुव आले की त्या ध्रुवांचं फील्ड पट्टीच्या आतून उलट्या दिशेने जातं आणि पट्टीलाच डिमॅग्नेटाइज करायला बघतं. म्हणजे मॅग्नेट स्वतःच स्वतःचा शत्रू असतो, बाहेरून कुणी काही करायची गरज नाही.

आकडे घालून बघू. एक गोल दांडा घ्या, लांबी जाडीच्या १० पट. अशा आकाराचा डिमॅग्नेटायझिंग फॅक्टर साधारण ०.०२ असतो, म्हणजे आतलं उलटं फील्ड = ०.०२ × M, जिथे M म्हणजे मटेरियलचं मॅग्नेटायझेशन.

सॉफ्ट आयर्नची Hc धरू ८० अँपिअर प्रति मीटर. करंट बंद केल्यावर M तोवर पडत राहणार जोवर त्याचं उलटं फील्ड ८० च्या आसपास येत नाही, म्हणजे M = ८० ÷ ०.०२ = ४,००० अँपिअर प्रति मीटर. टेस्लामध्ये हे होतं जेमतेम ०.००५. रिंगवर मोजला तेव्हा Br एक टेस्लाच्या वर आणि दांड्यात उरलं ०.००५ टेस्ला! टाचणी उचलली तरी नशीब.

आता तोच दांडा कडक केलेल्या कार्बन स्टीलचा, Hc साधारण ४,००० अँपिअर प्रति मीटर. M = ४,००० ÷ ०.०२ = २ लाख, म्हणजे ०.२५ टेस्ला. पन्नासपट फरक, आणि त्यात Br चा काही संबंधच आला नाही, सगळं Hc ने ठरवलं.

आता अल्निको, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाचा मिश्रधातू. त्याच्या नेहमीच्या ग्रेडचा Br १.२५ टेस्लाच्या आसपास, म्हणजे M साधारण १० लाख अँपिअर प्रति मीटर. त्याचं स्वतःचं उलटं फील्ड ०.०२ × १० लाख = २०,०००, आणि अल्निकोची Hc साधारण ५०,०००. उलटं फील्ड Hc च्या बरंच खाली राहिलं, म्हणून हा दांडा जवळजवळ पूर्ण Br टिकवून ठेवतो. इथे कुठे Br ला काम मिळालं.

म्हणजे मॅग्नेटसाठी आधी Hc पुरेशी आहे का ते बघायचं आणि मगच Br विचारायचा.

जुने मॅग्नेट लांब पट्टीचे किंवा नालेच्या आकाराचे आणि हल्लीचे बटणासारखे चपटे का?

वरच्याच हिशोबामुळे. स्टीलची Hc कमी, म्हणून उलटं फील्ड कमी ठेवायला दांडा लांब घ्यावा लागायचा किंवा वाकवून नाल करून दोन्ही टोकं जवळ आणावी लागायची, आणि ठेवताना टोकांवर लोखंडाची पट्टी, म्हणजे कीपर, लावायचा, ज्याने फ्लक्सला बंद वाट मिळते. चपट्या चकतीचा फॅक्टर ०.७-०.८ पर्यंत जातो. निओडिमियमच्या मॅग्नेटचा Br १.२ टेस्ला धरला तर M साधारण ९.५ लाख, उलटं फील्ड साडेसात लाखाच्या आसपास. नेहमीच्या N35 ग्रेडची स्वतःची कोअर्सिव्हिटी साधारण साडेनऊ लाख असते, म्हणून चकती टिकते. तीच चकती अल्निकोची केली तर स्वतःच्याच फील्डने ती बहुतेक रिकामी होईल.

मग ट्रान्सफॉर्मरच्या कोरमध्ये Hc कमी का हवी? थोडी जास्त असली तर काय बिघडतं?

ट्रान्सफॉर्मरमध्ये एक गोष्ट उलटी असते जी लक्षात येत नाही. तिथे आपण H ठरवत नाही, आपण व्होल्टेज देतो आणि व्होल्टेज B ठरवतं. V = 4.44 f N B A, यात मटेरियल कुठेच नाही. कोर काहीही असो, B तिथपर्यंत गेलाच पाहिजे आणि त्यासाठी जेवढा H लागेल तेवढा करंट प्रायमरी ओढून घेणार. म्हणून Hc जास्त याचा अर्थ नो-लोड करंट जास्त.

कोरची सरासरी लांबी ०.३ मीटर आणि प्रायमरीचे ३०० वेढे धरा. CRGO, म्हणजे सिलिकॉन स्टीलचा तो प्रकार ज्यात दाणे रोलिंगच्या दिशेने लावलेले असतात, त्याची Hc साधारण १० अँपिअर प्रति मीटर. नुसत्या Hc पुरते अँपिअर-टर्न १० × ०.३ = ३, भागिले ३०० वेढे, म्हणजे १० मिलिअँपिअर. प्रत्यक्षात वरच्या टोकापर्यंत जायला याहून जास्त लागतो आणि कोरच्या जोडांमधली सूक्ष्म फट आणखी खाते, पण अंदाज आला. आता गंमत म्हणून कोर अल्निकोचा करा: ५०,००० × ०.३ = १५,००० अँपिअर-टर्न, म्हणजे ५० अँपिअर, तेही सेकंडरीला काही न जोडता. फ्यूज लगेच उडणार.

उष्णतेचंही बघा. लूपचं क्षेत्रफळ म्हणजे प्रत्येक सायकलला दर घनमीटर मागे जळणारी एनर्जी. ढोबळमानाने लूप चौकोनी धरला तर क्षेत्रफळ = 4 × Bm × Hc. CRGO ला Bm १.५ टेस्ला धरून ४ × १.५ × १० = ६० ज्यूल. ५० हर्ट्झला ३,००० वॅट दर घनमीटर, आणि घनता ७,६५० किलो धरली तर किलोमागे ०.४ वॅटच्या आत. अल्निकोला Bm १.२५ धरून ४ × १.२५ × ५०,००० = अडीच लाख ज्यूल, ५० हर्ट्झला किलोमागे साधारण १,७०० वॅट! तो ट्रान्सफॉर्मर नाही, हीटर झाला. खरा लूप चौकोनी नसतो म्हणून खरे आकडे थोडे कमी येतील, पण हजारोपटीचा फरक त्याने झाकला जात नाही.

लॅमिनेशन केलं की हिस्टेरिसिस लॉस कमी होतो का?

नाही, लॅमिनेशनने एडी करंट कमी होतो. भिंतींचं अडकणं पातळ पत्र्यातही तसंच राहतं, ते कमी करायचं तर मटेरियलच बदलावं लागतं. दोन लॉस वेगळे ओळखायचे असतील तर B तेवढाच ठेवून फ्रीक्वेन्सी दुप्पट करा: हिस्टेरिसिसचा भाग साधारण दुप्पट होतो, एडीचा चौपट.

ट्रान्सफॉर्मरला रिटेन्टिव्हिटी पण कमीच हवी ना?

CRGO चा लूप उंच आणि अरुंद असतो आणि बंद कोरमध्ये त्याचा Br एक टेस्लाच्या वर सहज जातो, तरी जगभरचे पॉवर ट्रान्सफॉर्मर त्याच पत्र्याचे बनतात. लूप अरुंद असला की Br उंच असूनही क्षेत्रफळ लहानच राहतं. मुळात चालू ट्रान्सफॉर्मरमध्ये B प्रत्येक सायकलला दोनदा शून्यातून जातच असतो आणि त्याला तिथून ढकलायला लागतो तो Hc.

पण Br चा त्रास अजिबातच नाही असं म्हणता येत नाही, तो दिसतो स्विच ऑन करताना. समजा बंद करताना कोरमध्ये १ टेस्ला उरला आणि परत चालू केला तो नेमका व्होल्टेज शून्यातून वर जात असताना, उरलेल्या फ्लक्सच्याच दिशेने. पहिल्या अर्ध्या सायकलमध्ये फ्लक्स १.५ च्या दुपटीने, म्हणजे ३ टेस्लाने, वाढायला बघतो. १ + ३ = ४ टेस्ला मागणी, आणि सिलिकॉन स्टील २ टेस्लाच्या आसपास सॅच्युरेट होतं. त्यापुढे कोर असून नसल्यासारखा, करंट रेटेड करंटच्या कित्येक पट उडी मारतो. यालाच इनरश म्हणतात. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर चालू करताना कधी एमसीबी ट्रिप होतो आणि कधी अजिबात नाही त्याचं कारण हेच, गेल्या वेळी कुठल्या क्षणी बंद केला होता आणि आज कुठल्या क्षणी चालू केला यावर सगळं अवलंबून. टोरॉइडला जोड नसतो, फट नसते, म्हणून त्यात Br पूर्ण टिकतो. E-I पत्र्यांच्या कोरमध्ये जोडाची फट वरच्या दांड्यासारखंच काम करते आणि उरलेला फ्लक्स बराच खाली ओढते.

लॅबमध्ये सीआरओवर लूप काढायचा असतो, तो नीट येत नाही. काय तपासू?

हा प्रयोग मी स्वतः खूप वेळा बिघडवलाय, त्यामुळे थोडं सविस्तर. प्रायमरीच्या सिरीजमध्ये छोटा रेझिस्टर R1, त्यावरचं व्होल्टेज X ला, ते करंटच्या म्हणजे H च्या प्रमाणात. सेकंडरीच्या पुढे R2 आणि C चा इंटिग्रेटर, C वरचं व्होल्टेज Y ला, ते B च्या प्रमाणात.

```
H = N1 * Vx / (R1 * L)
B = R2 * C * Vy / (N2 * A)
```

आमच्या सेटअपसारखे आकडे घालू: दोन्ही वाइंडिंगचे २०० वेढे, कोरची सरासरी लांबी L ०.२ मीटर, कोरच्या छेदाचं क्षेत्रफळ A ४ चौरस सेंटिमीटर, R1 १० ओहम, R2 १०० किलोओहम, C २ मायक्रोफॅरड. मग H = १०० × Vx आणि B = २.५ × Vy. स्क्रीनवर लूप आडव्या अक्षाला ०.५ व्होल्टवर कापतो, म्हणजे Hc = ५० अँपिअर प्रति मीटर. उभ्या अक्षाला ०.३ व्होल्टवर कापतो, Br = ०.७५ टेस्ला. वरचं टोक ०.५ व्होल्टवर, Bm = १.२५ टेस्ला. साध्या सिलिकॉन स्टीलच्या E-I कोरला हे आकडे पटण्यासारखे आहेत.

लूप दुसऱ्या आणि चौथ्या चौकटीत आडवा पडलेला दिसला तर घाबरायचं काही नाही, सेकंडरीच्या दोन वायरी उलट करा. मी पहिल्यांदा यावर अर्धा तास घालवला होता आणि कोरच सदोष आहे असं ठामपणे सांगत बसलो होतो. लूपची टोकं एकमेकांना ओलांडून छोटे फास करत असतील तर R2 × C लहान पडतोय. आपल्याकडे तो ०.२ सेकंद आहे आणि ५० हर्ट्झला 1/(2πf) येतो ०.००३२ सेकंद, साठपट मोठा, म्हणून चालतं. कुणी C च्या जागी ०.०१ मायक्रोफॅरड लावला की Y इंटिग्रेटच होत नाही, फेज सरकते आणि टोकं वाकडी होतात. लूपला वरचा सपाट भागच नाही, नुसती तिरकी काकडी दिसतेय, तर व्होल्टेज कमी आहे आणि कोर सॅच्युरेशनपर्यंत गेलाच नाही. अशा छोट्या लूपवरून काढलेल्या आकड्यांना Br आणि Hc म्हणू नका, ते मटेरियलच्या खऱ्या आकड्यांपेक्षा लहानच येणार.

आणि एक, सप्लाय २४ व्होल्टच्या आयसोलेटेड ट्रान्सफॉर्मरवरूनच द्या. नुसता व्हेरिॲक मेन्सपासून वेगळा नसतो आणि सीआरओची ग्राउंड अर्थला असते, एक चुकीची क्लिप आणि मोठा आवाज.

५० हर्ट्झला दिसणाऱ्या लूपमध्ये एडी करंटही मिसळलेला असतो, म्हणून तो अगदी हळू फिरवून काढलेल्या लूपपेक्षा थोडा जाडच दिसेल.

सिलिकॉन स्टील घेतलं की झालं का, की हाताळणीनेही फरक पडतो?

पडतो, आणि तो फार कमी जण सांगतात. एकदा मी एक छोटा ट्रान्सफॉर्मर रिवाइंड केला, वेढे मोजून तेवढेच, वायरही तीच. शेवटचे पत्रे बसेनात म्हणून हातोडीने ठोकले, दोन-तीन वाकले तेही सरळ करून कोंबले. नो-लोड करंट आधीपेक्षा स्पष्ट जास्त आला आणि गुणगुण वाढली. वाइंडिंग पुन्हा मोजलं, ते बरोबर होतं. ठोकल्याने पत्र्यात ताण येतो, ताण म्हणजे भिंतींना अडकायला नव्या जागा, म्हणजे Hc वर. शिवाय पत्रे नीट भिडले नाहीत की जोडाची फट वाढते आणि तीही करंट खाते. म्हणून तर पत्रे पंच केल्यावर साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास ॲनील करतात, ताण निघून जातो. घरी ते जमत नाही, तेव्हा लाकडी ठोकळा आणि हलका हात.

फेराइट ट्रान्सफॉर्मरमध्येही वापरतात आणि स्पीकरच्या मॅग्नेटमध्येही, एकच मटेरियल दोन्हीकडे कसं?

एकच नाही, फक्त आडनाव एक. मँगनीज-झिंक फेराइट सॉफ्ट, Hc काही दहा अँपिअर प्रति मीटरच्या घरात, रेझिस्टिव्हिटी धातूपेक्षा प्रचंड जास्त, म्हणून चार्जरमधल्या उच्च फ्रीक्वेन्सीला तेच घेतात. ते अर्ध्या टेस्लाच्या आतच सॅच्युरेट होतं, म्हणून ५० हर्ट्झला घेतलं तर कोर उगाच अवाढव्य होईल. स्पीकरमधलं बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम फेराइट हार्ड, Br ०.४ टेस्लाच्या आसपास पण Hc दोन-अडीच लाख. मोडलेल्या स्पीकरची रिंग फोडून फेराइट कोर बनवायचा प्रयत्न करू नका, मागच्या हिशोबातल्या अल्निकोपेक्षाही वाईट होईल.

मॅग्नेटच्या डेटाशीटवर कोअर्सिव्हिटी दोन वेळा लिहिलेली असते, HcB आणि HcJ. कोणती बघायची?

HcB म्हणजे जिथे एकूण B शून्य होतो, पण त्या क्षणी मॅग्नेट मेलेला नसतो, बाहेरचं उलटं फील्ड आणि आतलं मॅग्नेटायझेशन फक्त बरोबरीला आलेले असतात. HcJ म्हणजे जिथे आतलं मॅग्नेटायझेशनच शून्य होतं. सॉफ्ट मटेरियलमध्ये दोघांत फरक जाणवत नाही म्हणून शाळेत एकच शिकवतात. मोटरमध्ये मॅग्नेट घालणार असाल तर HcJ बघा, आणि तीही ज्या तापमानाला मोटर चालणार त्या तापमानाची. निओडिमियमची HcJ तापमानाबरोबर भरभर घसरते, साध्या ग्रेडला ८० अंश सेल्सिअस ही नेहमीची मर्यादा आहे. मर्यादेपलीकडे गरम होऊन ताकद गेली की थंड केल्यावर ती पूर्ण परत येत नाही, पुन्हा मॅग्नेटाइज करावं लागतं. हार्ड फेराइटचं याच्या बरोबर उलटं, त्याची HcJ थंडीत कमी होते, म्हणून गोठवणाऱ्या थंडीत सुरू होणाऱ्या मोटरला फेराइट मॅग्नेट असेल तर सगळ्यात कमी तापमानाचा आकडा बघायचा.